फेरी आणि यात्रा : एका कथेविषयी

या त्रैमासिकाच्या मागील अंकात ‘फेरी’ नावाची एक कथा प्रसिद्ध झाली. लेखकाने आपले नाव दिलेले नाही, म्हणून आम्हीही त्याचा उल्लेख केवळ ‘लेखक’ असाच करणार आहोत. कथा लहान आहे, छापील आठ पानांची. तरीही अंक हाती पडल्यापासून आमच्या धर्मग्रामात तिच्याविषयी जितके बोलणे झाले तितके अलीकडे कोणत्याही लेखनाविषयी झालेले आम्हांस आठवत नाही. मिस्सा संपल्यावर मंदिराच्या पायऱ्यांवर आम्हांस ज्यांनी ज्यांनी गाठले, त्यांतील बहुतेकांनी एकाच गोष्टीची स्तुती केली, ती म्हणजे कथेचा शेवट. म्हातारा पहारेकरी चालत चालत जेरुसलेमला पोहोचतो, हे वाचून डोळ्यांत पाणी आले, असे एका भगिनीने सांगितले.

आमचे मत वेगळे आहे. ही कथा उत्तम आहे, आणि तिचा शेवट तिच्यावर अन्याय करणारा आहे, असे आम्हांस वाटते. धर्मगुरूनेच एका भक्तिपर शेवटास आक्षेप घ्यावा, याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. म्हणूनच आमची कारणे सविस्तर मांडणे आम्हांस आवश्यक वाटले.

ज्यांनी कथा वाचली नसेल त्यांच्यासाठी प्रथम तिचे कथानक सांगतो. बस्त्याव हा वसईचा अठ्ठावन्न वर्षांचा शेतकरी. काळ १९९४ चा. विहिरीचे पाणी मचूळ झाले, पानवेली गेल्या, केळीची बाग अर्ध्यावर आली, आणि बस्त्याव रेल्वेच्या पूर्वेकडील एका कारखान्यात रात्रीचा वॉचमन म्हणून लागला. वाडीची ही सारी कहाणी लेखकाने चार वाक्यांत संपवली आहे. दुसऱ्या एखाद्याने त्यावर तीन पाने खर्ची घातली असती.

रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंत, दर तासाला एक, अशा आठ फेऱ्या बस्त्यावला घालाव्या लागतात. त्याच्या खांद्यावर चामडी पिशवीत गस्तीचे घड्याळ असते. हे घड्याळ आजच्या तरुण वाचकांनी पाहिलेले नसण्याचा संभव आहे. आता पहारेकऱ्याच्या हाती एक लहानशी कांडी देतात आणि ती भिंतीवरील धातूच्या गुंडीला टेकवली की नोंद होते. त्या काळी कारखान्याच्या आवारात ठिकठिकाणी भिंतीला साखळीने बांधलेल्या किल्ल्या असत. पहारेकऱ्याने तेथवर जायचे, ती किल्ली खांद्यावरच्या घड्याळात घालून फिरवायची, की आतील कागदाच्या चकतीवर त्या ठिकाणाची खूण उमटे. घड्याळ उघडण्याची किल्ली मात्र सुपरवायझरकडे. सकाळी तो चकती बाहेर काढी आणि पहारेकरी कोठे, किती वाजता होता हे पाही. बस्त्यावच्या आवारात अशा सात किल्ल्या आहेत. सात किल्ल्या आणि आठ फेऱ्या, म्हणजे रात्रीच्या शेवटी चकतीवर ५६ खुणा.

एके सकाळी सुपरवायझर चकती पाहून म्हणतो, “दहाची फेरी अठरा मिनिटांत होते, तीनची पंचवीस मिनिटांत. मध्ये कुठे बसतोस तू?” बस्त्याव म्हणतो, “बसत नाही, साहेब.” सुपरवायझर हसतो, चकतीवर लाल पेन्सिलीने एक गोल करतो आणि पुढच्या वेळी पगारातून कापू, असे सांगून निघून जातो. कथेचा सारा प्रपंच या सात मिनिटांवर उभा आहे. चकती खोटे सांगत नाही. पण माणूस एका किल्लीपासून दुसऱ्या किल्लीपर्यंत कसा गेला, हे त्या कागदास ठाऊक नसते. तेवढी रिकामी जागा सुपरवायझरने आपल्या संशयाने भरून काढली आहे.

बस्त्याव वाद घालत नाही. तो मोजू लागतो.

कशाने मोजावे हा पहिला प्रश्न. हजाराच्या पुढची पावले, अंधारात, एका हातात विजेरी घेऊन, नुसत्या डोक्यात राहत नाहीत. मध्येच कुत्रे भुंकले की आकडा जातो. म्हणून तो खिशातील जपमाळ काढतो. पंचवीस पावले झाली की एक मणी पुढे सरकवायचा. ‘स्वर्गीय पित्या’चे सुटे मणी त्याने हिशेबातून वगळले आहेत, ‘नमो मारिये’चे पन्नासच तो धरतो. पन्नास मणी म्हणजे १,२५० पावले. पहिल्या रात्री दहाच्या फेरीत शेवटचा मणी बोटांखाली असतानाच, अवघी दहा पावले आधी, फाटक येते. फेरी १,२४० पावलांची ठरते.

मग पावलाची लांबी. आवारात वीस-वीस फुटी लोखंडी पाइप पडलेले आहेत. वाडीला पाणी देणाऱ्या माणसास पाइपाची लांबी सांगावी लागत नाही. तो पाच पाइप एका ओळीत लावतो, म्हणजे शंभर फूट झाले, आणि त्यांच्या कडेने संध्याकाळी, कामावर येताच, चालून पाहतो. चाळीस पावले भरतात. एक पाऊल अडीच फुटांचे.

पुढे तो आठही फेऱ्यांची पावले मोजतो. रात्रभराची बेरीज १०,५८० होते. घरी त्याची नात सिसिल वहीत गुणाकार करून देते : २६,४५० फूट. मैलाचे फूट ५,२८०, म्हणजे पाच मैल आणि वर थोडेसे. सिसिलला शाळेत मैल शिकवलेले नाहीत, ती त्याचे किलोमीटर करते आणि ओरडते, “आजोबा, आठ!” बस्त्याव दुसऱ्या दिवशी सुपरवायझरपुढे उभा राहून सांगतो, “साहेब, मी रात्री पाच मैल चालतो.” आयुष्यात प्रथमच त्याने आपल्या श्रमाला आकडा दिला आहे. सुपरवायझर “बरं बरं” म्हणून फाइल उघडतो.

सामान्य लेखक येथे थांबला असता. अन्याय झाला, गरिबाने उत्तर दिले, श्रीमंताने ऐकले नाही, अशी एक कथा झाली असती आणि तशा कथा आपण पुष्कळ वाचल्या आहेत. या लेखकाची खरी शक्ती यापुढे दिसते. बस्त्याव मोजणे थांबवत नाही, कारण एक गोष्ट त्याला छळू लागते. पहाटे तीनच्या फेरीत पन्नास मणी संपतात आणि तो मान वर करतो, तर फाटक अजून दूर आहे. आणखी १८० पावले टाकावी लागतात. दहा वाजता जी फेरी १,२४० पावलांची होती ती तीन वाजता १,४३० ची झाली आहे. “माळ संपली, फाटक आले नाही,” एवढे एकच वाक्य लेखक येथे लिहितो, आणि आमच्या मते सबंध कथेत याहून चांगले वाक्य नाही.

बस्त्यावचा पहिला विचार असा, की अंधारात आपण कोठेतरी वळसा घालत असू. दोन रात्री तो वाट तपासतो. भिंत तीच, गटाराची कड तीच, किल्ल्या त्याच. वाट वाढलेली नाही. तिसऱ्या रात्री, तीनच्या फेरीनंतर, तो थकलेल्या पायांनी पुन्हा त्या पाच पाइपांच्या कडेने चालतो. चाळीस नव्हे, सेहेचाळीस पावले भरतात. आता त्याच्या ध्यानात येते. त्याने पावलाचे माप ताज्या पायांचे घेतले आणि मोजणी थकलेल्या पायांची केली. जे पाऊल संध्याकाळी अडीच फुटांचे असते ते तीन वाजता दोन फूट दोन इंचांचे होते. वाट तेवढीच आहे, चालणारा आखूड झाला आहे.

कथेचा पाया आकड्यांवर असल्याने आम्ही कागद-पेन्सिल घेऊन ते तपासले. वाचकांनीही तपासावेत. दहाची फेरी १,२४० पावलांची, पाऊल अडीच फूट, म्हणजे वाट ३,१०० फूट. तीनची फेरी १,४३० पावलांची. शंभर फुटांस सेहेचाळीस या हिशेबाने वाट येते सुमारे ३,१०९ फूट. एवढा नऊ फुटांचा फरक कोणाच्याही पावलांच्या मोजणीत पडेल. हिशेब जुळतो. आठ फेऱ्या घातल्या तर खरे अंतर २४,८०० फूट, म्हणजे चार मैल आणि सात दशांश. पाच मैल नव्हे. बस्त्यावने सुपरवायझरला १,६५० फूट जास्त सांगितले होते.

हे केवळ लेखकाचे गणित चोख असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत कथेचा अर्थ आहे. कारखान्याच्या दृष्टीने फेरी ३,१०० फुटांची आहे आणि ती दहा वाजता, तीन वाजता, केव्हाही तेवढीच आहे. बस्त्यावच्या दृष्टीने ती कधी १,२४० वेळा पाय उचलण्याची आहे, कधी १,४३० वेळा. अंतर मालकाचे, पावले त्याची. आणि सुपरवायझरने ज्या सात मिनिटांवर लाल गोल केला होता, ती सात मिनिटे नेमकी तेथे गेलेली आहेत. तो बसला नव्हता. त्याच वाटेवर तो १९० वेळा अधिक पाय उचलत होता, आणि प्रत्येक वेळी अधिक सावकाश. श्रमाचे असे मोजमाप आम्ही मराठी कथेत यापूर्वी वाचलेले नाही. ‘थकवा’ हा शब्द लेखक एकदाही वापरत नाही; त्याची त्याला गरजच पडत नाही.

आणखी एका बारकाव्याकडे लक्ष वेधतो. तीन वाजताची फेरी सर्वांत लांब आहे, शेवटची नव्हे. चार वाजता १,४१० पावले होतात, पाच वाजता १,३६०. दुसऱ्या कोणी सरळ चढता आकडा लिहिला असता, कारण जितकी रात्र अधिक तितका थकवा अधिक, असे खुर्चीत बसून वाटते. प्रत्यक्षात तीनच्या सुमारास शरीर सर्वांत खाली असते आणि उजाडण्याची चाहूल लागली की पाय थोडे मोकळे होतात. ज्याने रात्र जागून काढली आहे त्यालाच हे माहीत असते. आम्ही स्वतः एका रात्री मंदिराच्या फाटकापासून ग्रोटोपर्यंत चालून पाहिले. दहा वाजता २१२ पावले भरली, तीन वाजता २२९. ती आमची एकच जागलेली रात्र होती, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हांस झोपता आले.

चालून जमीन मोजण्याची गोष्ट म्हटली की टॉलस्टॉयची १८८६ मधील प्रसिद्ध कथा आठवल्याशिवाय राहत नाही. माणसाला किती जमीन लागते, हा तिचा प्रश्न. पाहोम नावाच्या शेतकऱ्याला बाश्किर लोक सांगतात, की सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत जेवढ्या जमिनीला तू पायी वेढा घालशील तेवढी तुझी. अट एकच, मावळतीपूर्वी निघाल्या जागी परत यायचे. तो लोभाने फार दूर जातो, धावत परततो, पोहोचतो आणि कोसळून मरतो. शेवटी त्याला डोक्यापासून पायापर्यंत पुरेल एवढीच जमीन लागते. ‘फेरी’च्या लेखकाने ती कथा वाचली आहे की नाही, याला महत्त्व नाही. दोघांत साम्य असे, की दोन्ही नायक वर्तुळात चालतात आणि निघाल्या जागी परत येतात. भेद असा, की पाहोमच्या पावलांनी वेढलेली जमीन त्याची होणार असते. बस्त्याव रोज रात्री आठ वेळा ज्या जमिनीला वेढा घालतो तिच्यातील टीचभरही त्याची होणार नाही, आणि हे त्याला प्रथमपासून ठाऊक आहे. ज्याची स्वतःची वाडी सुकली, तो दुसऱ्याच्या आवाराला पावलांनी कुंपण घालतो आहे. लेखक हे बोलून दाखवत नाही, याबद्दल आम्ही त्याचे आभारी आहोत.

आता कथेतील सर्वांत मोठ्या प्रसंगाकडे येतो. चूक ध्यानात आल्यावर बस्त्याव काय करतो? गप्प राहिला असता तर कोणास कळणार होते? पाच मैल हा आकडा त्याच्या बाजूचा होता. परंतु तिसऱ्या रात्रीच्या सकाळी तो सुपरवायझरच्या टेबलासमोर जाऊन उभा राहतो. त्यांचे संभाषण असे आहे :

“साहेब, त्या दिवशी पाच मैल म्हटलं ते चुकलं. पावणेपाचलाही थोडं कमीच आहे.”

सुपरवायझर चकतीवरून मान वर करतो. “कुठले पाच मैल?”

“मी चालतो ते.”

“बरं,” सुपरवायझर म्हणतो, आणि चकती बाजूला ठेवून दुसरी उचलतो.

बस्त्याव फाटकातून बाहेर पडतो. उजाडलेले असते. लेखक लिहितो, की तो रस्त्याला लागला आणि पहिल्यांदाच त्याने पावले मोजली नाहीत.

आमच्या मते कथा येथे संपली. येथेच ती संपायला हवी होती. ज्याने आकडा ऐकलाच नाही त्याच्याकडे जाऊन एका माणसाने तो दुरुस्त केला. साक्ष खरी असावी, मग ती कोणी ऐको अथवा न ऐको. आठवी आज्ञा आम्ही वर्षानुवर्षे मुलांना शिकवत आलो. परंतु स्वतःच्याच बाजूच्या खोट्या साक्षीतून तिसऱ्या सकाळी स्वतःच बाहेर पडणारा मनुष्य असा दिसतो, हे आम्ही त्यांना कधी दाखवू शकलो नव्हतो. बस्त्याव स्वतः मात्र आज्ञेचे नावही काढत नाही. चुकीचे माप त्याला सहन होत नाही, एवढेच.

पण लेखकाने त्यापुढे दीड पान लिहिले आहे. त्या रात्री फाटकाजवळच्या स्टुलावर बस्त्यावला डुलकी लागते आणि तो स्वप्नात हिशेब करतो : रोज पाच मैल, वर्षाच्या तीनशे रात्री, म्हणजे पंधराशे मैल, दोन वर्षांच्या आत आपण जेरुसलेमला पोहोचू. मग वाळवंट दिसते, उंट दिसतात, शहराच्या वेशी उघडतात आणि शुभ्र वस्त्रातील कोणीतरी त्याचे पाय धुतो. कथा संपते.

वाचकहो, या परिच्छेदातील पहिला आकडा पुन्हा वाचा. रोज पाच मैल! ज्या पाच मैलांची चूक बस्त्यावने त्याच दिवशी सकाळी दुरुस्त केली, ते पाच मैल रात्री परत आले कोठून? स्वप्नात माणूस चुकतो, असे कोणी म्हणेल. परंतु त्या चुकीचा लेखक पुढे काहीच उपयोग करत नाही, तिची त्याला जाणीव असल्याची एकही खूण मजकुरात नाही. म्हणजे ही चूक बस्त्यावची नव्हे, लेखकाची आहे. बस्त्यावने हिशेब दुरुस्त केला आणि लेखक विसरला. जोवर लेखक पात्राच्या पायांनी चालत होता तोवर एकही आकडा चुकला नाही. ज्या क्षणी त्याला सुंदर शेवट हवासा वाटला त्या क्षणी त्याने पात्राचा हात सोडला, आणि आकड्यानेच ते उघड केले. एखादा शेवट कथेतून उगवला आहे की बाहेरून चिकटवला आहे हे ओळखण्याची ही एक साधी कसोटी आहे. पात्राला जे ठाऊक झाले आहे ते शेवटाला ठाऊक आहे का, एवढे पाहावे.

दुसरे कारण याहून खोल आहे. मुंबईच्या बाजूने जेरुसलेम सरळ रेषेत सुमारे अडीच हजार मैलांवर आहे, मध्ये अरबी समुद्र आहे, हे आम्ही सोडून देतो. स्वप्नाला समुद्र अडवत नाही. परंतु फेरी आणि यात्रा या दोन भिन्न गोष्टी आहेत. यात्रेकरू घर सोडतो आणि पुढे जातो. त्याचे प्रत्येक पाऊल त्याला कोठेतरी नेते, आणि म्हणून त्याच्या पावलांची बेरीज करता येते. पहारेकरी फाटकातून निघतो आणि फाटकाशीच येतो. वर्षाच्या शेवटी त्याची बेरीज चौदाशे मैल होवो की पंधराशे, तो जेथे होता तेथेच असतो. यात कमीपणा नाही. त्याने कोठे जाऊ नये, हेच तर त्याचे काम आहे. तो गेला नाही म्हणून इतर लोक झोपू शकले. लेखकाला या न जाण्याची लाज वाटली असावी, म्हणून त्याने बस्त्यावला उचलून पवित्र नगरीत नेऊन ठेवले. जणू कारखान्याच्या गटाराकडेने घातलेल्या फेरीला, तिचे यात्रेत रूपांतर केल्याखेरीज, देवापुढे मोल नाही!

पवित्र शास्त्राने असे केलेले नाही. एकशे तिसाव्या स्तोत्रात, जे आपण मृतांसाठी म्हणतो, स्तोत्रकर्ता आपल्या आत्म्याच्या ओढीला उपमा शोधतो, तेव्हा त्याला यात्रेकरू आठवत नाही, पहाटेची वाट पाहणारा पहारेकरी आठवतो. हे स्तोत्र जेरुसलेमला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंच्या गीतसंग्रहातीलच आहे, हे विशेष. यात्रेकरूच्या तोंडी पहारेकऱ्याची उपमा आहे. पहारेकऱ्याला मात्र तेथे कोणी यात्रेकरू केलेले नाही. मार्काच्या शुभवर्तमानात प्रभू जागे राहण्याविषयी बोलताना रात्रीच्या चार प्रहरांची नावे घेतो : सांज, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ आणि पहाट. घरधनी यांपैकी केव्हाही येईल. जो द्वारापाशी आहे त्याने द्वारापाशीच असावे, एवढीच तेथे अपेक्षा आहे. बस्त्यावची आठ फेऱ्यांची रात्र यांपैकी शेवटच्या तीन प्रहरांस स्पर्श करते. त्याला जेरुसलेमला नेण्याची आवश्यकता नव्हती, कारण ज्याची तो वाट पाहतो त्याला कारखान्याचे फाटक ठाऊक आहे.

कथेतील आणखी एका स्थळाविषयी लिहिणे आम्हांस भाग आहे, कारण ते आमच्याच व्यवसायाचे आहे. मधल्या भागात बस्त्याव कुमसाराला जातो आणि विचारतो, की जपमाळेवर पावले मोजणे पाप आहे का. प्रश्न अतिशय खरा आहे. असे प्रश्न अशाच माणसांना पडतात. परंतु कथेतील धर्मगुरू त्याला अर्धे पान प्रवचन देतो : प्रत्येक पाऊल हीच प्रार्थना आहे, श्रम हीच माळ आहे, इत्यादी. हे वाचताना आम्ही मनातल्या मनात खजील झालो, कारण असे आम्हीही बोललो असतो. तरीही कथेच्या दृष्टीने ते चूक आहे. ज्या अर्थापर्यंत वाचकाने तीनच्या फेरीत, अंधारात, स्वतः पोहोचावे तो अर्थ धर्मगुरू दुपारीच सांगून टाकतो. शिवाय त्या धर्मगुरूस एक साधी गोष्ट सांगता आली असती आणि ती पुरली असती. मणी हे मुळात मोजण्याचेच साधन आहे. मध्ययुगातील मठांत ज्या बंधूंना वाचता येत नव्हते ते दीडशे स्तोत्रांऐवजी तितक्याच प्रार्थना म्हणत, आणि आकडा चुकू नये म्हणून मणी ओढत. अक्षर नसलेल्या माणसाचा हिशेब हरवू नये, यासाठीच माळ आली. बस्त्यावने तिचा भलताच उपयोग केला असे नाही, तिचा सर्वांत जुना उपयोग केला. “मोज बाबा, पण चुकू नकोस,” एवढे उत्तर पुरेसे होते, आणि पुढे तो का चुकला व त्याने चूक का सुधारली याचे बीजही त्यात पडले असते.

हे दोन दोष, प्रवचन आणि स्वप्न, वस्तुतः एकच आहेत. दोन्ही ठिकाणी लेखकाला भीती वाटली आहे की आपल्या वाचकांना, म्हणजे तुम्हा-आम्हांस, नुसती फेरी पुरणार नाही; तिच्यावर काही पवित्र शिंपडले पाहिजे. या भीतीचा दोष सर्वस्वी त्याच्यावर टाकणे न्यायाचे होणार नाही. आपल्या नियतकालिकांनी, आणि आमच्यासारख्यांच्या प्रवचनांनीही, लेखकांना तशी सवय लावली आहे. कथा धार्मिक केव्हा होते? तिच्यात शेवटी देवाचे नाव आले म्हणजे, असे आपण धरून चाललो. बस्त्याव सुपरवायझरच्या टेबलासमोर उभा राहून आपल्या श्रमातून १,६५० फूट वजा करतो, त्या प्रसंगात देवाचे नाव नाही. आम्हांस तो सबंध अंकातील सर्वांत धार्मिक प्रसंग वाटला.

लेखक तरुण असावा, असा आमचा अंदाज आहे. ही कथा जर पुढे एखाद्या संग्रहात यावयाची असेल, तर त्याने ती रस्त्यावर, जेथे बस्त्याव प्रथमच पावले मोजत नाही, तेथे थांबवावी, अशी आमची विनंती आहे. दीड पान जाईल, परंतु चार मैल आणि सात दशांश शिल्लक राहतील, आणि ते खरे आहेत.

आणि ज्या भगिनीच्या डोळ्यांत जेरुसलेमच्या वेशी पाहून पाणी आले, तिला आम्ही सुचवतो, की कथा पुन्हा एकदा वाचावी आणि या खेपेस तीनच्या फेरीपाशी थांबावे, जेथे माळ संपली आहे आणि फाटक यायला अजून १८० पावले आहेत.